महसूल, मालूम, मामूल

तहसील कचेरीच्या दारावरच्या फलकावर दोन शब्द हमखास शेजारी शेजारी असतात: महसूल आणि तहसीलदार. सातबाऱ्यावरच्या वारसनोंदीसाठी मी त्या दारात कितीतरी वेळा ताटकळलो आहे. पण हे दोन शब्द एकाच आईची लेकरं आहेत, हे मला कळलं ते पन्नाशीत अरबी अक्षरं गिरवायला बसल्यावर.

देवनागरीत हे नातं लपून राहतं. एक शब्द ‘म’ने सुरू होतो, दुसरा ‘त’ने. एकात दीर्घ ऊ आहे, दुसऱ्यात दीर्घ ई. ह, स आणि ल ही तीन व्यंजनं दोन्हींत आहेत आणि तीही त्याच क्रमाने, हे कुणी बोट ठेवून दाखवल्याशिवाय ध्यानात येत नाही. त्यांचं तिसरं भावंडही आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. ‘आता बोलून काय हशील?’ असं आपण म्हणतो, त्यातलं हशील. अरबीत हा शब्द हासिल असा आहे आणि त्याचा अर्थ हाती आलेलं, निष्पन्न झालेलं. हाती येणं, मिळणं हाच ह-स-ल या तीन व्यंजनांचा अर्थ. जे मिळवलं गेलं ते महसूल, आणि मिळवण्याची, गोळा करण्याची क्रिया म्हणजे तहसील. आज अरब देशांत महसूल म्हणजे शेतातलं पीक, आणि आपल्याकडे पिकावरचा सारा. कचेरी बदलली तरी हाती येण्याचा अर्थ सुटलेला नाही.

हे तीन शब्द अरबी लिपीत असे लिहितात: हासिल حاصل, महसूल محصول आणि तहसील تحصيل. अरबीचं एकही अक्षर येत नसलं तरी या तिघांत काहीतरी सारखं आहे, एवढं दिसतं. ते काय आहे हे कळलं की या लिपीचं आणि या भाषेचं अर्धं कोडं सुटतं.

अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात आणि तिची अक्षरं 28. ती सगळी मुळात व्यंजनं आहेत. छापलेलं असो की हाताने लिहिलेलं, शब्दातली अक्षरं एकमेकांना जोडूनच लिहायची. रोमन लिपीसारखं सुटं सुटं लिहिण्याची सोयच नाही. शिकवणीच्या पुस्तकात पहिल्याच पानावर एक तक्ता असतो: प्रत्येक अक्षर एकटं कसं दिसतं, शब्दाच्या सुरुवातीला कसं, मधे कसं आणि शेवटी कसं. अठ्ठावीस चोक एकशेबारा चौकोन पाहून माझा धीरच सुटला होता. आमचे मौलवीसाहेब म्हणाले, “तक्ता मिटवा. तुमच्या भाषेत ‘र’ किती प्रकारांनी लिहितात ते आधी मला लिहून दाखवा.”

मी लिहिलं. राम, कर्म, क्रम, राष्ट्र, सुऱ्या. पाच शब्दांत ‘र’ची पाच रूपं: पूर्ण अक्षर, डोक्यावरचा रफार, पायातली तिरकी रेघ, ट खालचा काकपद आणि ‘ऱ्या’तला तो अर्धचंद्र. यातलं एकही रूप मी तक्त्यावरून पाठ केलेलं नव्हतं. कुठल्या शेजाऱ्याजवळ ‘र’ कसा दिसतो, हे हाताला ठाऊक होतं. अरबीत काम याहून सोपं आहे, कारण तिथे शेजारी कोण हे पाहायचं नसतं, शेजारी आहे की नाही एवढंच पाहायचं असतं.

बहुतेक अरबी अक्षरांना एक धड असतं आणि एक शेपूट. धड म्हणजे अक्षराची ओळख. शेपटीला पुढे मोकळी जागा लागते. पुढे, म्हणजे डावीकडे, दुसरं अक्षर जोडायचं असेल तर शेपूट कापतात आणि धड पुढच्या अक्षराला जोडतात. पुढे कुणी नसेल तर शेपूट मोकळी सोडतात. वरच्या तीन शब्दांतला ‘ह’ घ्या. एकटा लिहिला तर तो ح असा, पोट सुटलेला. जोडल्यावर पोट जातं आणि वरची चोच तेवढी उरते. ‘स’ एकटा ص असा असतो: आधी लांबट कडं, मग एक छोटा दात, मग खालची वाटी. जोडला की वाटी जाते, कडं आणि दात राहतात. ‘ल’ म्हणजे ل, उभी काठी आणि खाली आकडा. मधे आला तर आकडा जातो, काठी राहते.

आता तहसील تحصيل उजवीकडून वाचू. आधी ‘त’ आहे: एक दात, त्यावर दोन टिंबं. मग ‘ह’ची चोच, मग ‘स’चं कडं, मग ‘य’: एक दात, त्याखाली दोन टिंबं. शेवटी ‘ल’, आणि पुढे कुणी नसल्याने त्याचा आकडा पूर्ण. पाच अक्षरं एका दमात, हात न उचलता. महसूल محصول बघा. ‘म’ची गाठ, ‘ह’ची चोच, ‘स’चं कडं, मग स्वल्पविरामासारखा दिसणारा वाव, आणि इथे लेखणी उचलली. ‘ल’ वेगळाच उभा आहे. हासिल حاصل मधे तर दुसऱ्याच अक्षरानंतर लेखणी उचलावी लागते, ‘ह’ आणि अलिफ झाल्यावर.

लेखणी उचलावी लागते कारण सहा अक्षरं मागच्याला जोडून घेतात, पण पुढच्याला हात देत नाहीत: अलिफ ا, दाल د, जाल ذ, रे ر, झे ز आणि वाव و. अरबीत जोडण्याचा नियम म्हणून लक्षात ठेवायचं ते एवढंच. या सहांपैकी कुणी आलं की शब्दाच्या मधेच फट पडते आणि पुढचं अक्षर नव्याने सुरुवात केल्यासारखं लिहायचं. त्यामुळेच किताब كتاب हा शब्द दोन तुकड्यांत दिसतो. क, त, अलिफ एकत्र आणि ‘ब’ एकटा, आपली पूर्ण वाटी पसरून बसलेला.

देवनागरीतून येणारा माणूस इथे दोन चुका करतो, आणि मी दोन्ही केल्या. पहिली म्हणजे त्या फटीला शब्दाचा शेवट समजणं. आपल्याकडे शिरोरेषा तुटली की शब्द संपला. डोळ्यांना ती सवय इतकी आहे की ‘किता’ आणि ‘ब’ मी कितीतरी दिवस दोन शब्द म्हणून वाचत होतो. दुसरी चूक अधिक खोल आहे. आपल्याकडे दोन अक्षरं जोडली की ते जोडाक्षर होतं, म्हणजे मधला स्वर गेला. ‘कत’ वेगळं, ‘क्त’ वेगळं. अरबीत जोडणीचा उच्चाराशी काही संबंध नाही. ‘क’ आणि ‘त’ जोडले तरी मधे अ, इ, उ काहीही असू शकतं, किंवा काहीच नसू शकतं. जोडणी फक्त हाताची सोय आहे. हे ज्या दिवशी मनात नीट बसलं, त्या दिवसापासून मला अरबी वाचता येऊ लागलं.

अक्षरांचे आकार कापले गेले की बरीच अक्षरं सारखी दिसतात हेही सांगायला हवं. ब, त, थ, न आणि य यांचं धड मधे आलं की एकच: साधा दात. कोण कुठलं ते टिंबांवरून ठरतं. बैत بيت म्हणजे घर, बिन्त بنت म्हणजे मुलगी, नबत نبت म्हणजे उगवलं, सबत ثبت म्हणजे पक्कं झालं. चारही शब्दांची रेघ हुबेहूब एक आहे, फक्त टिंबं वर, खाली, एक, दोन, तीन अशी हलतात. कुराणाच्या अगदी जुन्या हस्तलिखितांत टिंबं फार विरळ आहेत. तेव्हाचे वाचक ज्यांना मजकूर आधीच पाठ होता असे लोक होते. यातला शेवटचा शब्द आपल्या कोर्टात रोज येतो. गुन्हा शाबीत झाला, यातलं शाबीत म्हणजे हे सबत, फक्त पहिल्या अक्षरानंतर अलिफ घालून.

जोडणी हा शब्दाचा प्राण आहे हे मला एका फ्लेक्सने दाखवलं. एका पुस्तक प्रदर्शनासाठी मोठा फलक करून आला होता आणि त्यावर किताब हा शब्द अरबीत हवा होता. छापून आलेल्या फलकावर चारही अक्षरं होती, पण डावीकडून उजवीकडे ओळीने, प्रत्येक आपल्या पूर्ण शेपटीसकट सुटं. अरबी वाचणाऱ्याला त्यातून किताब मिळणार नव्हतं. उजवीकडून त्याला ब, अलिफ, त, क अशी चार सुटी अक्षरं दिसली असती. चूक टाईप करणाऱ्याची नव्हती. संगणक अरबी मजकूर साठवताना फक्त अक्षर कुठलं ते साठवतो. ‘ह’ एकटा असो, पहिला असो की मधला, त्याचा युनिकोड क्रमांक एकच, U+062D. कुठलं रूप दाखवायचं आणि कुठल्या बाजूने, हे पडद्यावर दाखवणारी प्रणाली शेजारी बघून ठरवते. आपल्या ‘क्ष’चंही तसंच आहे, संगणकात तो क, हलन्त आणि ष असाच साठवलेला असतो. त्या छापखान्यातल्या जुन्या प्रणालीला हे येत नव्हतं. असा बिघाड अरबी न येणाऱ्यालाही ओळखता येतो. शब्दातलं प्रत्येक अक्षर सुटं आणि प्रत्येकाची वाटी किंवा पोट पूर्ण दिसत असेल, तर तो शब्द मोडलेला आहे.

आता उरले स्वर. देवनागरीत ‘क’ लिहिला की त्यात ‘अ’ आहेच, आणि दुसरा स्वर हवा तर मात्रा लावलीच पाहिजे. अरबीत फक्त दीर्घ स्वरांना अक्षर आहे: आ साठी अलिफ, ऊ साठी वाव, ई साठी य. ऱ्हस्व स्वरांच्या खुणा आहेत. वर तिरकी रेघ म्हणजे अ, खाली तिरकी रेघ म्हणजे इ, वर छोटा वाव म्हणजे उ. भारतात यांना जबर, जेर आणि पेश म्हणतात. जेर हा फारसी शब्द, अर्थ खाली. ‘जेरीस आणणे’मधला जेर तोच. वर छोटं वर्तुळ म्हणजे आपला हलन्त, आणि व्यंजन दुहेरी असेल तर त्यावर शद्दा नावाची खूण. पण या खुणा कुराणात, मुलांच्या पुस्तकांत आणि फार तर कवितेत लावतात. वर्तमानपत्र, पत्र, दुकानाची पाटी, कादंबरी यांत त्या नसतात.

मग लोक वाचतात कसे? हा प्रश्न मी मौलवीसाहेबांना विचारला, तेव्हा ते उलट मला म्हणाले, “तुमचे मोडी वाचणारे कसे वाचत होते?” मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, शब्दांमधे जागा सोडत नाहीत, आणि तरी जुने कारकून दप्तरच्या दप्तरं वाचत. कारण कुठल्या जागी कुठला शब्द येऊ शकतो हे त्यांना माहीत होतं. अरबी वाचणाऱ्याला याहून भक्कम आधार आहे: शब्दाचा साचा.

साच्यांकडे जाताना मराठीतूनच गेलेलं बरं. पडणे आणि पाडणे, मरणे आणि मारणे, जळणे आणि जाळणे, गळणे आणि गाळणे, टळणे आणि टाळणे. व्यंजनं तीच, मधला स्वर तेवढा लांबला, आणि आपोआप होणारी क्रिया कुणीतरी मुद्दाम केलेली झाली. तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे यांत व्यंजनही थोडं हललं आहे, पण तत्त्व तेच: अर्थाचं मूळ व्यंजनांत आणि अर्थाचं वळण स्वरांत. आपल्याकडे हा प्रकार थोड्या क्रियापदांपुरता आहे. अरबीने जवळजवळ सगळी भाषा यावर उभी केली आहे. बहुतेक शब्दांच्या तळाशी तीन व्यंजनांचा धातू असतो आणि तो ठरावीक साच्यांत ओतला जातो. अरबी व्याकरणकार या साच्याला जो शब्द वापरतात तो आपल्या ओळखीचा आहे: वजन. अमुक शब्द अमुक वजनाचा, असं ते म्हणतात.

तीन धातू आणि तीन वजनं घेऊ. ह-स-ल, म्हणजे हाती येणं, आपल्याला माहीत आहे. दुसरा अ-ल-म, जाणणं. तिसरा अ-म-ल, काम करणं. शेवटच्या दोघांत अक्षरं तीच आहेत, फक्त ल आणि म यांनी जागा बदलल्या आहेत, आणि ज्ञानाची कृती झाली. इथे ‘अ’ म्हणजे आपला स्वर नव्हे. ते ऐन ع नावाचं व्यंजन आहे, घसा आवळून काढलेलं. मराठीत त्याला जागा नाही, म्हणून ते आपल्याकडे आकारात विरघळतं.

पहिलं वजन: पहिल्या व्यंजनानंतर आ, दुसऱ्यानंतर इ. करणारा, असणारा असा अर्थ. त्यातून हासिल, आलिम आणि आमिल. आलिम म्हणजे जाणकार, आणि त्याचं अनेकवचन उलेमा. आमिल म्हणजे काम करणारा. आजच्या अरबीत तो कामगार, जुन्या राज्यकारभारात तो सारा गोळा करणारा अधिकारी. दुसरं वजन: आधी म, आणि दुसऱ्या व्यंजनानंतर ऊ. केलं गेलेलं असा अर्थ. त्यातून महसूल, मालूम आणि मामूल. मालूम म्हणजे जाणलं गेलेलं. मामूल म्हणजे केलं जाणारं, मग नेहमी केलं जाणारं, मग नेहमीचं, आणि त्यावरून आपलं मामुली. सीरिया-लेबनॉनकडे सणाला खजूर भरलेली बिस्किटं करतात, त्यांनाही मामूल म्हणतात. तिसरं वजन: आधी त, आणि दुसऱ्या व्यंजनानंतर ई. एखादी गोष्ट घडवून आणण्याची क्रिया. त्यातून तहसील, तालीम आणि तामील. तालीम म्हणजे ज्ञान देणं, शिकवणं. अरबीत ती शाळेत होते. मराठीने तिला हौद्यातल्या लाल मातीत आणि नाटकाच्या रंगीत तालमीत नेलं. समन्सची तामील होते, ती कामी लावणं या अर्थाने. अंमल, अंमलदार आणि अंमलबजावणी याच तिसऱ्या धातूच्या घरातले. मामलतही तिथलीच, अरबी मुआमला, म्हणजे परस्परांचा व्यवहार. मुकाबला याच वजनाचा आहे, समोरासमोर येणं. गोव्यात तालुक्याच्या अधिकाऱ्याला आजही मामलेदार म्हणतात, त्या पदात अ-म-ल आहे. महाराष्ट्रात तो तहसीलदार, त्यात ह-स-ल. दोन्हींतलं ‘दार’ मात्र फारसी.

आता पुन्हा लिपीकडे या. या तीन वजनांत डोळ्यांना काय दिसतं? पहिल्यात दुसऱ्या जागी अलिफ. दुसऱ्यात सुरुवातीला म, आणि शेवटून दुसरा वाव. तिसऱ्यात सुरुवातीला त, आणि शेवटून दुसरा य. ऱ्हस्व स्वर लिहिलेले नाहीत, पण हे पाहारेकरी उभे आहेत. अरबी वाचणारा محصول पाहतो तेव्हा तो अक्षरं जुळवत नाही. म आणि वाव दिसले की वजन कळलं, वजन कळलं की राहिलेले स्वर ठरले, आणि म-वाव बाजूला काढले की ह-स-ल उरले, म्हणजे अर्थही आला. स्वर न लिहिण्याची सोय या भाषेला परवडते ती यामुळे. मराठीतून मात्रा काढल्या तर ‘मर’ आणि ‘मार’ यांत फरकच उरणार नाही.

तरी अडचण येतेच. नुसतं حصل लिहिलं तर ते हसला, म्हणजे घडलं किंवा मिळालं, की हस्सला, म्हणजे त्याने गोळा केलं? दुसऱ्यात ‘स’ दुहेरी आहे, पण शद्दा लिहिलेला नाही. अशा वेळी वाक्य शेवटपर्यंत वाचून मागे यावं लागतं. अरब वाचकही तेच करतो.

मराठीतले शब्द घेऊन धातू शोधायला निघालात तर एक खड्डा जवळच आहे. हे शब्द आपल्याकडे थेट आले नाहीत, फारसीतून आले, आणि फारसी उच्चारात अरबीचे बरेच बारकावे आधीच सपाट झाले होते. मजकूर, मंजूर आणि मजबूत हे तिन्ही दुसऱ्या वजनाचे शब्द, आणि तिन्हींत आपण ‘ज’ लिहितो. अरबीत ही तीन वेगवेगळी अक्षरं आहेत: मजकूर مذكور मधे जाल, मंजूर منظور मधे जोय आणि मजबूत مضبوط मधे ज्वाद. मजकूर म्हणजे ज्याचा जिक्र, उल्लेख, झाला ते. मंजूर म्हणजे ज्यावर नजर टाकली ते. मजबूत म्हणजे जे आवळून धरलं ते. आपल्या ‘ज’वर विसंबून धातू शोधला तर हाती चुकीचं घर लागतं. मी स्वतः वसूल आणि महसूल यांना कितीतरी दिवस एकाच घरात बसवलं होतं. दोन्ही पैशाचे, दोन्ही कचेरीतले, दोन्हींत स आणि ल. पण वसूल हा व-स-ल धातूचा, म्हणजे पोचणं, येऊन मिळणं. त्यातल्या ‘व’च्या जागी महसूलमधे ‘ह’ आहे. तीनपैकी एक व्यंजन बदललं की घर बदलतं.

दुसरा खड्डा खुद्द अरबीतला आहे. व आणि य ही मऊ व्यंजनं धातूत असली की ती टिकत नाहीत, स्वरात विरतात. संस्कृत शिकलेल्याला हे नवं नाही. वच् धातूचं उक्त होतं, तिथे ‘व’चा ‘उ’ झाला. अरबीत क-व-म, म्हणजे उभं राहणं, या धातूतून कायम, मुक्काम आणि किंमत हे तिन्ही आले आहेत. कायम म्हणजे उभा असलेला, पहिल्या वजनाचा, फक्त मधल्या ‘व’चं झटक्याने तोडलेलं हम्झा झालं आणि फारसीत त्याचा ‘य’ झाला. मुक्काम म्हणजे उभं राहण्याची जागा, तिथे ‘व’ गिळून आ उरला. किंमत म्हणजे वस्तू बाजारात जेवढ्याला उभी राहते ते, तिथे ‘व’ची ई झाली, आणि मराठीने वर अनुस्वार दिला. तिन्हींत ‘व’ कुठेही दिसत नाही. अशा शब्दांचा धातू ओळखायला सराव लागतो, आणि आजही मी चुकतो.

चुकलं तर शब्दकोश आहे, पण तोही धातूच्या क्रमाने लावलेला असतो. हान्स वेर यांचा अरबी कोश 1952 मधे जर्मनीत निघाला आणि 1961 मधे इंग्रजीत आला. आज बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांच्या हाती तोच असतो. त्यात तालीम हा शब्द ‘त’खाली शोधला तर मिळत नाही. ‘त’ आणि ‘य’ काढून टाकायचे आणि ऐन-ल-म खाली जायचं. म्हणजे शब्द शोधण्याआधीच तो सोडवावा लागतो. धातूवर उभा केलेला पहिला मोठा अरबी कोश आठव्या शतकात बसऱ्याच्या खलील इब्न अहमद यांनी सुरू केला. त्याचं नाव किताब अल-ऐन, कारण तो ऐनपासून सुरू होतो. खलील यांनी अलिफ-बे हा क्रम सोडून अक्षरं उच्चारस्थानांप्रमाणे लावली, घशापासून ओठांपर्यंत. क-वर्गापासून प-वर्गापर्यंत कण्ठातून ओठांकडे येणारी आपली वर्णमाला ज्यांनी लहानपणी घोकली आहे, त्यांना तो क्रम वाचताना आपल्याच अंगणात आल्यासारखं वाटतं. आज आपण ज्या स्वरखुणा पाहिल्या त्यांचं श्रेयही परंपरेने खलील यांनाच दिलं जातं.

शेवटी एक शब्द तुमच्यासाठी ठेवला आहे: مشغول. उजवीकडून सुरुवात करा. पहिली गाठ ‘म’ची, ती ओळखीची आहे. मग तीन दात आणि वर तीन टिंबं, तो शीन, आपला श. मग एक भरलेला टपोरा फुगा आणि वर टिंब, तो गैन, म्हणजे घशातला ग. मग वाव, आणि वाव पुढे हात देत नाही, म्हणून शेवटचं अक्षर एकटं उभं आहे. ते ‘ल’, तो तुम्ही महसूलमधे असाच एकटा पाहिला आहे. सुरुवातीला म, शेवटून दुसरा वाव. वजन दुसरं. ते दोन्ही बाजूला काढले तर श-ग-ल उरतात, म्हणजे कामात गुंतवणं. कामात गुंतवला गेलेला तो कोण, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही: मश्गूल. कैरोमधे फोन लागला नाही की माणूस रिसीव्हर ठेवतो आणि लाईन मश्गूल आहे असंच म्हणतो.